हवेच्या पाचरीतले पट्टे मोजून बारीक तारेची आणि कागदाची जाडी कशी काढावी

मोटार वाइंडिंगच्या दुकानात ४७ गेजची एनॅमल तार मागितली की केसासारखी बारीक, तांबूस तार मिळते. ती स्क्रू गेजमध्ये धरली तर वाचन ०.०६ मिमी येतं. प्रयोगशाळेतल्या साध्या स्क्रू गेजचं लघुतम माप ०.०१ मिमी असल्यामुळे त्यापुढे काही सांगता येत नाही. गेजच्या तक्त्यात ४७ गेजसाठी ०.०५०८ मिमी लिहिलेलं असतं, पण ती नुसत्या तांब्याची जाडी. वर एनॅमलचा थर किती आहे हे ना तक्ता सांगतो, ना स्क्रू गेज. काचेच्या दोन पट्ट्या, एक सोडियम दिवा आणि एक ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप एवढ्या सामानात हा थर मोजता येतो. बी.एस्सी.च्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रयोग असतोच. तिथे तो बहुधा अर्ध्या तासात उरकला जातो आणि उत्तर कुठून चुकलं ते कळत नाही, म्हणून इथे तो सावकाश करू.

नेमकं काय मोजतो आहोत

दोन सपाट काचपट्ट्या एकावर एक ठेवा. एका टोकाला त्या एकमेकींना टेकलेल्या आहेत आणि दुसऱ्या टोकाशी मध्ये तार आडवी ठेवली आहे. काचांमध्ये हवेची पाचर तयार झाली. टेकलेल्या कडेशी तिची जाडी शून्य, तारेपाशी तारेइतकी.

वरून सोडियमचा पिवळा प्रकाश सरळ खाली पडला की त्याचा थोडा भाग वरच्या काचेच्या खालच्या पृष्ठावरून परततो आणि थोडा खालच्या काचेच्या वरच्या पृष्ठावरून. दुसरा किरण हवेचा थर दोनदा पार करतो. शिवाय तो हवेतून काचेवर आपटून परततो, त्यामुळे त्याच्यात अर्ध्या तरंगाचा फरक आपोआप पडतो. म्हणून जिथे हवेची जाडी शून्य आहे तिथे दोन्ही किरण एकमेकांना मारतात आणि तिथे काळा पट्टा दिसतो. जाडी अर्ध्या तरंगलांबीने वाढली की पुढचा काळा पट्टा, आणखी अर्ध्याने वाढली की त्यापुढचा.

सोडियमच्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर. तिची निम्मी म्हणजे सुमारे ०.०००२९५ मिमी. प्रत्येक काळा पट्टा ही जाडीची एक पायरी आहे, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत. टेकलेल्या कडेपासून तारेपर्यंत N पायऱ्या असतील तर

```
t = N × λ / 2
```

पुस्तकात जे सूत्र असतं ते यातूनच येतं. कडेपासून तारेपर्यंतचं अंतर L आणि दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर β असेल, तर N म्हणजे L भागिले β.

```
t = λ × L / (2 × β)
```

हे दुसरं सूत्र म्हणजे दोनशे पट्टे एकेक करून मोजण्याचा कंटाळा टाळण्याची युक्ती आहे. ती दोन गोष्टींवर उभी आहे: काचा सरळ आहेत, आणि टेकलेल्या कडेशी जाडी खरोखर शून्य आहे. प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक गोष्ट खरी नसल्यामुळे.

काचांची जोडी निवडणं

प्रयोगाच्या संचात ऑप्टिकली सपाट म्हणून दिलेल्या पट्ट्या असतील तर उत्तमच. पण वर्षानुवर्षं वापरून त्यांच्या कडा खरचटलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड वापरायच्या तर त्या निवडून घ्याव्या लागतात. निवडायची रीत सोपी आहे. तार न घालता दोन काचा एकमेकींवर ठेवा आणि सोडियमच्या प्रकाशात पाहा. पट्टे बऱ्यापैकी सरळ आणि समांतर दिसले तर जोडी चांगली. नकाशातल्या समोच्च रेषांसारखे वळणावळणाचे, बंद वेटोळे दिसले तर ती जोडी बाजूला ठेवा. एका काचेला फिरवून किंवा उलटी करून पाहा, बऱ्याचदा तीच काच दुसऱ्या बाजूने चालते. चांगल्या बाजूवर कोपऱ्यात मार्करने छोटी खूण करून ठेवली तर पुढच्या वेळचा त्रास वाचतो.

मग सफाई. स्पिरिटचे दोन थेंब आणि धुऊन मऊ झालेलं मलमलचं कापड. कापूस वापरू नका, त्याचे तंतू मागे राहतात. पुसून झाल्यावर काच तिरकी धरून दिव्याच्या उजेडात पाहा आणि उरलेली धूळ रबरी फुग्याच्या पंपाने उडवा. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे बारीक थेंब बसतात. टेकणाऱ्या कडेकडे विशेष लक्ष द्या. पाच मायक्रॉनचा एक कण डोळ्याला दिसतही नाही, पण काचेला तो सतरा पायऱ्या वर उचलतो.

तार बसवणं

तार सरळ हवी. सरळ करण्यासाठी ती दोन्ही टोकं धरून ताणायचा मोह होतो, आणि तिथेच चूक होते. तांब्याची तार ताणली की लांब होते आणि बारीकही होते. लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर व्यास जवळपास पाच टक्क्यांनी घटतो. आपण तीच जाडी मोजायला बसलो आहोत. त्याऐवजी तारेचा तुकडा दोन जुन्या काचांमध्ये ठेवून हलकेच पुढेमागे लोळवा, तो सरळ होतो.

खालच्या काचेवर टेकणाऱ्या कडेपासून साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटरवर तार आडवी, कडेला समांतर ठेवा. टोकं दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर असू द्या. वरची काच हलकेच सोडा. एक रबरबँड टेकणाऱ्या कडेजवळ आणि दुसरा अगदी तारेवर. मधोमध रबरबँड लावू नका. तिथे दाब पडला की वरची काच मध्ये वाकते, पाचर सरळ राहत नाही आणि पट्टे एका भागात दाट, दुसऱ्या भागात विरळ होतात. दोन्ही बँड काच जागेवर धरण्यापुरतेच घट्ट असावेत.

जोडणी झाली की दहा मिनिटं तिला हात लावू नका. बोटांच्या उबेने काच थोडी फुगलेली असते आणि रबरबँडही स्थिरावत असतो. या काळात पट्टे हळूहळू सरकताना दिसतात.

प्रकाश आणि फोकस

सोडियम दिवा लावल्यावर सुरुवातीला लालसर-गुलाबी दिसतो, कारण आधी त्यातला निऑन पेटतो. पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात. तोपर्यंत घेतलेली वाचनं वाया जातात. दिव्यासमोर बहिर्गोल भिंग ठेवून प्रकाश समांतर करा आणि काचपट्ट्यांच्या वर ४५ अंशांत धरलेल्या साध्या काचेवर टाका. ती काच प्रकाश खाली पाठवते आणि परत येणारा प्रकाश तिच्यातूनच वर मायक्रोस्कोपमध्ये जातो.

पट्टे दिसत नाहीत म्हणून विद्यार्थी मायक्रोस्कोप वरखाली करत बसतात. खरा दोष बहुतेक वेळा या ४५ अंशांच्या काचेचा असतो. आधी नेत्रिकेतून सबंध क्षेत्र पिवळं आणि झगझगीत दिसेपर्यंत ती काच हळूहळू फिरवा. त्यानंतरच फोकसकडे वळा. पट्टे हवेच्या थरातच असतात, त्यामुळे मायक्रोस्कोप आधी तारेवर नीट फोकस करा आणि मग सरकवत पाचरीकडे या. फोकस थोडाच हलवावा लागेल. उभी क्रॉसवायर पट्ट्यांना समांतर करून घ्या.

पट्टे तारेला आणि टेकलेल्या कडेला समांतर असायला हवेत. ते तिरके असतील तर वरची काच एका कोपऱ्यावर टेकली आहे किंवा तार तिरकी बसली आहे. काचा उघडून पुन्हा बसवा, तिरक्या पट्ट्यांवर वाचन घेऊन काही हाती लागत नाही.

टेकलेली कड खरंच टेकली आहे का

या लेखात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं, कारण ही तपासणी प्रयोगाच्या वहीत सहसा नसते.

समजा कडेशी धुळीचा कण अडकला आहे आणि तिथे काचा ०.००५ मिमीने वर राहिल्या आहेत. पट्टे तरीही सुंदर, सरळ आणि समान अंतरावर दिसतील. β सगळीकडे एकच येईल. गणित बिनचूक होईल. पण सूत्र फक्त पाचरीचा उतार पाहतं, आणि उतार दोन टोकांच्या जाडीतल्या फरकावरून ठरतो. त्यामुळे उत्तर तारेच्या जाडीपेक्षा ०.००५ मिमीने कमी येईल. मला स्वतःला एकदा अशा जोडणीत ०.०५३ मिमी मिळालं होतं. तक्त्यातल्या ०.०५०८ च्या इतकं जवळ आहे म्हणून मी ते वहीत लिहूनही टाकलं. एनॅमलचा थर त्यात कुठे गेला हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

सोडियमच्या प्रकाशात हा दोष ओळखता येत नाही, कारण तिथे शून्याचा काळा पट्टा आणि सतरावा काळा पट्टा हुबेहूब सारखे दिसतात. पांढऱ्या प्रकाशात मात्र फरक कळतो. सोडियम दिवा झाकून ठेवा आणि त्याच भिंगासमोर पांढरा टॉर्च धरा. मायक्रोस्कोप टेकलेल्या कडेवर आणा. पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक रंगाची पायरी वेगळ्या उंचीची असते, त्यामुळे जाडी एखाद्या मायक्रॉनच्या पलीकडे गेली की सगळे रंग एकमेकांत मिसळतात आणि पट्टे नाहीसे होतात. याचा अर्थ रंगीत पट्टे दिसले तर तिथे जाडी शून्याच्या अगदी जवळ आहे.

कड नीट टेकली असेल तर आधी एक काळा पट्टा, मग पांढुरका, पिवळसर, तांबडा, निळा, हिरवा असे तीन-चार फिकट होत जाणारे रंगीत पट्टे दिसतात. आपल्या तारेसाठी हे सगळं मिळून जेमतेम एक मिलिमीटर जागेत आटपतं, त्यामुळे हळू सरकवा. रंग कुठेच दिसले नाहीत तर काचा उघडा, पुन्हा पुसा, पुन्हा बसवा. एकाच कोपऱ्यात रंग दिसले तर दुसऱ्या कोपऱ्याखाली काहीतरी आहे.

याच वेळी आणखी एक काम होतं. काचांच्या कडा थोड्या घासून गोल केलेल्या असतात, त्यामुळे काचा काचेच्या टोकाशी टेकत नाहीत, थोड्या आत टेकतात. L मोजायचा तो या काळ्या पट्ट्याच्या मध्यापासून. काचेच्या टोकापासून मोजलं तर एखादा मिलिमीटर सहज जास्त धरला जातो, आणि ४५ मिलिमीटरांत एक म्हणजे दोन टक्के.

वाचनं

मायक्रोस्कोपची मुख्य पट्टी आणि व्हर्निअर तपासून लघुतम माप लिहून घ्या. नेहमीच्या उपकरणाचं ते ०.००१ सेंमी असतं. पट्ट्याची रुंदी ०.०२३ सेंमी असेल तर एकच पट्टा मोजून चालणार नाही, त्यात चार टक्क्यांपर्यंत चूक होईल. म्हणून वीस पट्ट्यांचं अंतर मोजायचं. स्क्रू एकाच दिशेने फिरवत राहा. पट्टा ओलांडून पुढे गेलात तर मागे येऊन त्यावर थांबू नका, कारण आट्यांमधल्या ढिलेपणामुळे वाचन बदलतं. बरंच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने या.

माझ्या ४७ गेजच्या तारेची वाचनं अशी होती. टेकलेल्या कडेचा काळा पट्टा २.१३४ सेंमी, तारेचा मध्य ६.६७९ सेंमी. म्हणजे L = ४.५४५ सेंमी. कडेपासून बाराव्या काळ्या पट्ट्याला शून्य क्रमांक देऊन दर पाचव्या पट्ट्याला वाचन घेतलं:

| पट्टा | वाचन (सेंमी) | पट्टा | वाचन (सेंमी) | २० पट्ट्यांचं अंतर (सेंमी) |
|---|---|---|---|---|
| ० | २.४१२ | २० | २.८७५ | ०.४६३ |
| ५ | २.५२८ | २५ | २.९८९ | ०.४६१ |
| १० | २.६४३ | ३० | ३.१०६ | ०.४६३ |
| १५ | २.७५७ | ३५ | ३.२२० | ०.४६३ |

सरासरी ०.४६२५ सेंमी, म्हणून β = ०.०२३१२५ सेंमी. वाचनांची अशी जोडी लावण्याचं कारण म्हणजे प्रत्येक वाचन एकदाच वापरलं जातं. लागोपाठच्या वाचनांचे फरक काढून त्यांची सरासरी घेतली तर मधली सगळी वाचनं एकमेकांत कटतात आणि फक्त पहिलं आणि शेवटचं उरतं.

```
t = (5.893 × 10⁻⁵ × 4.545) / (2 × 0.023125)
  = 5.79 × 10⁻³ cm = 0.0579 mm
```

अनिश्चितता कितीची? β मध्ये ती पाव टक्क्याच्या आसपास आहे. मोठा वाटा L चा: काळ्या पट्ट्याचा मध्य ठरवताना एखादा पट्टा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे अर्धा टक्का. दोन्ही मिळून उत्तर ०.०५७९ ± ०.०००४ मिमी असं लिहिणं प्रामाणिक आहे. त्यातून तक्त्यातले ०.०५०८ वजा केले तर ०.००७१ मिमी उरतात. तांबं तक्त्याप्रमाणे असेल तर एनॅमलचा थर प्रत्येक बाजूला सुमारे साडेतीन मायक्रॉन. तांब्याचा व्यासही तपासायचा असेल तर दुसऱ्या तुकड्याचं एनॅमल काढून तोच प्रयोग पुन्हा करावा लागेल.

वाचनं संपली की L पुन्हा एकदा मोजा. पहिल्या वेळेपेक्षा वेगळा आला तर मधल्या काळात काच हलली आहे. तसंच β कडेजवळ, मध्यावर आणि तारेजवळ अशा तीन ठिकाणी काढून बघा. तिन्ही सारखे आले तर पाचर सरळ आहे. वेगळे आले तर काच वाकली आहे, आणि तेव्हा L आणि β ची युक्ती सोडून मूळ सूत्राकडे परतावं: कडेपासून तारेपर्यंतचे सगळे पट्टे मोजायचे. काच कितीही वाकलेली असली तरी पायरीची उंची बदलत नाही. माझ्या तारेसाठी ते सुमारे १९६ पट्टे होतात. एकाने क्रॉसवायरवरून जाणारे पट्टे मोठ्याने मोजायचे आणि दुसऱ्याने दर दहाला कागदावर रेघ मारायची, अशी जोडी असली तर दहा मिनिटांचं काम आहे.

जाड तार आणि पट्टे पुसट होणं

घरातल्या लवचीक वायरमधली एक तार सोलून घेतली तर ती सहसा ०.१५ ते ०.२ मिमीची असते. ती घालून पाहिलं तर पट्टे कडेशी ठळक दिसतात आणि तारेकडे जाताना पुसट होत होत दिसेनासे होतात. इथे फोकस बिघडलेला नसतो. सोडियमचा पिवळा रंग एकच नाही, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा दोन रेषा शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकीचे पट्टे वेगळे पडतात. सुरुवातीला ते एकमेकांवर बसतात, पण सुमारे ४९० पट्ट्यांनंतर एकीचा काळा पट्टा दुसरीच्या उजळ पट्ट्यावर येतो. ही जागा म्हणजे हवेची जाडी सुमारे ०.१४५ मिमी. त्यापुढे पट्टे पुन्हा हळूहळू दिसू लागतात.

म्हणून जाड तारेसाठी β नेहमी कडेजवळच्या तिसऱ्या हिश्श्यात मोजा. पाचर सरळ असेल तर तिथला β सगळीकडे लागू पडतो. इथे सगळे पट्टे मोजण्याची वाट मात्र बंद होते, त्यामुळे काचा सपाट असणं जास्तच गरजेचं आहे.

कागदाची पट्टी

कागदासाठी रीत तीच, पण तीन गोष्टी वेगळ्या होतात.

पहिली, L कुठपर्यंत मोजायचा. कागदाच्या पट्टीला रुंदी असते आणि वरची काच तिरकी असते. ती कागदाच्या आतल्या, म्हणजे टेकलेल्या कडेकडच्या काठावरच टेकते, त्यापुढे कागदापासून सुटत जाते. म्हणून L आतल्या काठापर्यंतच. पट्टीच्या मध्यापर्यंत मोजलं तर उत्तर जास्त येतं. पाच मिलिमीटर रुंद पट्टीत हा फरक अडीच मिलिमीटरांचा, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त.

दुसरी, काठ. कात्रीने कापलेल्या कागदाचा काठ किंचित दुमडतो आणि वर उठतो, आणि काच नेमकी त्याच काठावर टेकते. नवीन ब्लेडने, पट्टी धरून, एका झटक्यात कापा. कापलेला काठ भिंगाखाली पाहा, तंतू बाहेर आलेले असतील तर दुसरी पट्टी घ्या.

तिसरी, दाब. तांबं रबरबँडच्या दाबाने चेपत नाही, कागद चेपतो. नेहमीच्या ७५ जीएसएम कॉपिअर कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते, आणि रबरबँड घट्ट केला की पट्टे रुंद होत जाताना डोळ्यांदेखत दिसतात. म्हणून दोन वेगळ्या ताणांच्या रबरबँडनी मोजा आणि दोन्ही उत्तरं लिहा. ताळा म्हणून पाचशे कागदांच्या न फोडलेल्या रीमची उंची मोजून पाचशेने भागा. पाचरीतून येणारं उत्तर बहुधा त्याहून थोडं कमी येईल, कारण रीममध्ये कागदांच्या मधली हवाही मोजली जाते. पावसाळ्यात तोच कागद ओलावा धरून थोडा जाड होतो, त्यामुळे रीम आणि पट्टी एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजा.